साडेदहा तासांचे संयोजक

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी ऑनलाइन व्याख्याने भरवणाऱ्या पुण्याच्या संयोजकाची ओळख पटवायची असेल, तर निमंत्रणपत्रिका बाजूला ठेवून कार्यक्रमानंतरचे दिलगिरीचे पत्र वाचावे. पत्रिका सगळ्यांच्याच सारख्या असतात. माफी मात्र ज्याची त्याची असते. ‘स.न.वि.वि.’ झाले की पहिल्या वाक्यात वक्त्यांचे आभार, दुसऱ्यात प्रायोजकांचे आणि तिसऱ्यात ‘काही तांत्रिक कारणास्तव वेळेबाबत थोडा संभ्रम निर्माण झाला’. या वाक्यात कर्ता कुठे सापडत नाही. संभ्रम पावसासारखा वरून पडला आणि संयोजकही इतरांबरोबर भिजले, असा एकूण सूर. यावरून ते लबाड आहेत असे कुणी म्हणेल, पण माझा तसा आरोप नाही. आपण चुकलो हे त्यांना खरोखरच पटलेले नसते, आणि न पटायला कारणही तसेच भक्कम असते.

समजा, व्याख्यान शनिवारी, १५ मार्च २०२५ ला भारतात संध्याकाळी साडेसातला आहे. भारत आणि न्यू जर्सी यांत साडेदहा तासांचा फरक, हे संयोजकांना पाढ्यासारखे पाठ. साडेसातातून साडेदहा तास मागे गेले की सकाळचे नऊ. पत्रिकेवर ‘9:00 AM EST’ छापून मोकळे. पण अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे त्या वर्षी ९ तारखेला, तासभर पुढे गेली होती. फरक साडेनऊ तासांवर आला होता आणि व्याख्यान तिथल्या दहाला होते. एडिसनमधली मंडळी शनिवारची झोप मोडून नऊला बसली आणि ‘होस्टची प्रतीक्षा करा’ ही पाटी तासभर वाचत राहिली. लंडनची मंडळी मात्र दुपारी दोनला अगदी वेळेवर हजर, कारण ब्रिटनची घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्या वर्षी ३० तारखेला, हलायची होती. झाले! लंडनकर वेळेवर येतात आणि अमेरिकावालेच गोंधळ घालतात, यावरून दोष कोणाचा हे संयोजकांनी मनाशी ठरवून टाकले.

यावर संयोजकांचा एक बिनतोड मुद्दा असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. EST म्हणजे ग्रीनिचच्या पाच तास मागे, बाराही महिने. त्या हिशेबाने भारतातले साडेसात म्हणजे EST नऊच. अक्षरशः खरे आहे! अडचण एवढीच की त्या आठवड्यात न्यू जर्सीत कुणाचेही घड्याळ EST वर चालत नव्हते, ते EDT वर गेले होते. जे घड्याळ कुणाच्या भिंतीवर नाही, त्यातली अचूक वेळ कळवून श्रोते येत नाहीत. दुसरा आक्षेप असा की वर्षातून दोनदा काटे फिरवण्याचा खटाटोप अमेरिकेचा, त्याची माफी पुण्याने का मागावी? मान्य. पण तो खटाटोप काही गुपचूप होत नाही, त्याचे रविवार कायद्याने ठरलेले आहेत. आणि संयोजकांचा फोनही न्यू यॉर्कची वेळ दाखवतो. फक्त तो आजची वेळ दाखवतो आणि पत्रिका फेब्रुवारीत छापलेली असते. खरी मेख इथे आहे. दोन शहरांमधला फरक तारखेवर अवलंबून असतो, आणि संयोजक तो मुंबई-पुणे अंतरासारखा कायमचा धरून चालतात.

म्हणूनच पत्रात जे हवे तेच नसते. पत्रिकेत नऊ छापले होते, तिथे न्यू यॉर्कच्या घड्याळाने दहा हवे होते. याचा फटका फक्त अमेरिका-कॅनडातल्या श्रोत्यांना बसला. ध्वनिचित्रमुद्रण अमुक ठिकाणी आहे. यापुढे प्रत्येक शहराची वेळ तारखेनिशी लिहू आणि कॅलेंडरच्या निमंत्रणात `America/New_York` हाच विभाग निवडू, म्हणजे काटे आपोआप सांभाळले जातील. चार ओळींचे काम. त्याऐवजी दीड पानाचा मजकूर सरसकट सगळ्यांना जातो. तो वाचून, वेळेवर आलेला लंडनचा गृहस्थ आपणच चुकीच्या वेळी गेलो होतो की काय म्हणून निमंत्रण पुन्हा उघडून बघतो.

संयोजक काहीच शिकत नाहीत, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मार्चच्या फजितीनंतर ते साडेदहा खोडून साडेनऊ पाठ करतात, आणि उन्हाळाभर सगळे सुरळीत चालते. मग २ नोव्हेंबरला अमेरिकेचे काटे मागे येतात आणि ८ नोव्हेंबरच्या व्याख्यानासाठी पत्रिकेवर दिमाखात सकाळचे दहा छापले जातात. या खेपेला एडिसनकर पोहोचतात तेव्हा आभारप्रदर्शन चालू असते. पत्र तयारच असते; फक्त तारीख आणि वक्त्यांचे नाव बदलावे लागते.