कौलं किती लागतील?

नव्या पटकथालेखकांची पहिली पटकथा वाचताना एक गंमत हटकून दिसते. तिच्यातली माणसं विलक्षण प्रामाणिक असतात. नवरा म्हणतो, "लग्नानंतर तू माझ्याकडे दुर्लक्ष केलंस, म्हणून मी एकटा पडलो." बायको म्हणते, "हो, कारण नोकरी सोडावी लागल्याचा राग माझ्या मनात साठला होता." झालं. दीड पानात संसाराचं निदान हाती आलं. आता उरलेली शंभर पानं या दोघांनी करायचं काय?

हे लिहिणारा मुलगा स्वतःच्या घरी बोलत कसा असतो? वडिलांशी भांडण झालं की तो स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारतो, "बाबा जेवणारेत का?" वडील बाहेरच्या खोलीतून पेपरला उद्देशून म्हणतात, "भूक असेल त्यांनी जेवून घ्यावं." तह झाला, अटी ठरल्या, दोन्ही बाजूंनी सह्याही झाल्या. इतकी मुरलेली विद्या अंगात असताना लॅपटॉप उघडला की त्याच्या पात्रांना एकदम खरं बोलायचा झटका का येतो, हे कोडंच आहे. बहुधा प्रेक्षकाला कळणार नाही ही धास्ती असावी. मालिकांचे संवाद पोळ्या लाटता लाटता नुसते ऐकूनही समजावे लागतात, हे खरं. पण थिएटरातला प्रेक्षक पोळ्या लाटत नसतो.

बोलायचं एक आणि सांगायचं दुसरंच, याला चित्रपटवाले सबटेक्स्ट म्हणतात. हा शब्द कानावर पडला की नवा लेखक दुसऱ्या टोकाला जातो. त्याची पात्रं खिडकीबाहेर बघत "पाऊस येईल बहुतेक" असं काहीतरी गूढ बोलू लागतात. पावसाच्या पोटात काय दडलंय, असं विचारलं तर लेखक म्हणतो, "ते प्रेक्षकांवर सोडलंय." सबटेक्स्ट म्हणजे धूसरपणा नव्हे. वरवरचं बोलणं आडवळणाचं असलं, तरी आतली गोष्ट लेखकाला एका साध्या वाक्यात सांगता आली पाहिजे.

'डबल इन्डेम्निटी' (1944) मधला पहिल्या भेटीचा प्रसंग आठवा. दिग्दर्शक बिली वाइल्डर, आणि पटकथा त्याची व रेमंड चँडलरची. विमा एजंट वॉल्टर नेफ एका घरी मोटारीच्या विम्याचं नूतनीकरण करायला येतो. मालक घरी नाही, मालकीणबाई फिलिस आहेत. नेफ लगेच लगट करू लागतो. फिलिस त्याला सांगते की या राज्यात वेगाला मर्यादा आहे, ताशी 45 मैल. हा विचारतो, मी किती वेगात होतो? ती म्हणते, नव्वदच्या आसपास. मग ती वाहतूक पोलीस आणि तो पकडला गेलेला मोटारवाला, असा खेळ रंगतो. तिकीट फाडायचं की ताकीद देऊन सोडायचं, यावर चांगली घासाघीस होते. त्या काळी हॉलिवूडवर निर्मितीसंहितेचा कडक पहारा होता आणि विवाहबाह्य आकर्षण उघडपणे रंगवायला बंदी होती. पण वेगमर्यादेवर बोलायला कोण हरकत घेणार? ही अडचणच लेखकांच्या पथ्यावर पडली.

यात आतलं वाक्य अगदी साधं आहे: त्याला ती हवी आहे, आणि त्याला थोपवता थोपवता ती त्याच्या मापाचा अंदाज घेते आहे. ते उघड बोलता येत नाही, कारण ती परस्त्री आहे. आणि बोलायला वाहतुकीचा विषय हाताशी आहे. आतली इच्छा, ती गिळायला लावणारी अडचण आणि वरचा कामचलाऊ विषय, एवढंच लागतं.

आता आपल्याकडचा एक प्रसंग रचून पाहू. कोकणातलं जुनं कौलारू घर. आई एकटी राहते. मुलगा विनय मुंबईहून आलाय आणि त्याला घर विकायचंय. पहिल्या खर्ड्यात तो म्हणेल, "आई, आता हे घर विकूया," आणि ती म्हणेल, "यात माझ्या आठवणी आहेत." दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही निर्जीव.

दुसऱ्या खर्ड्यात आधी एक छोटा, मुका प्रसंग घालू. आई विनयचा शर्ट धुवायला घेते. खिशात जमिनीच्या दलालाचं कार्ड सापडतं. ती ते वाचते आणि वाळवणाच्या डब्याखाली ठेवते. मग रात्री, जेवताना:

"पावसाआधी घर शाकारून घ्यायला हवं."
"बघू."
"महादूला सांगितलंय मी."
"एवढी घाई कशाला? खर्च केवढा होतो."
"गळतंय ना."
"गळू दे की यंदा. तू चल मुंबईला."
"आमटी वाढू?"
"नको."
"कौलं किती लागतील, माळ्यावर जाऊन मोजून ये उद्या."
दुसऱ्या दिवशी तो मोजून येतो. "शंभर पुरतील."
"दीडशे सांग. पुढच्या वर्षी लागतीलच."

विक्री हा शब्द कुठेही नाही, पण दोघांची झुंज झाली आणि आई जिंकली. गंमत अशी, की कार्डाचा प्रसंग काढून टाकला तर यात उरते फक्त घरदुरुस्ती. संवाद तेच, पण जीव गेलेला. म्हणून सबटेक्स्ट फसला की मी संवाद दुरुस्त करत बसत नाही. चार पानं मागे जाऊन प्रेक्षकाला काय माहीत करून द्यायचं राहिलं ते शोधतो. जे दडवायचं ते पात्रांनी एकमेकांपासून दडवायचं असतं, लेखकाने प्रेक्षकापासून नव्हे.

तपासायला सोपी रीत आहे. प्रत्येक वाक्यासमोर समासात त्याचा खरा अर्थ पेन्सिलीने लिहायचा. "आमटी वाढू?" समोर येईल: हा विषय बंद. एखाद्या वाक्यासमोर तेच वाक्य पुन्हा लिहावं लागलं, तर ते एकतर निव्वळ माहिती आहे किंवा पात्र फारच खरं बोललंय. आणि समोर काहीच सुचलं नाही, तर तो पाऊस आहे, बहुतेक येणारा. 'ॲनी हॉल' (1977) मध्ये वुडी ॲलन आणि मार्शल ब्रिकमन यांनी ही समासातली टिपणंच पडद्यावर आणली. गच्चीत दोघं फोटोग्राफीवर भारदस्त बोलतात आणि खाली उपशीर्षकांतून त्यांच्या मनातली धांदल उमटत राहते. ती थट्टा एकदाच खपते. आपण पेन्सिल खोडून टाकावी हे बरं. नवे लेखक ती खोडत नाहीत, कंसात टाकतात: (खरं तर तिला म्हणायचं असतं की...). नटाला तो कंस दिसतो, तो मग बिचारा आमटीसुद्धा डोळ्यांत पाणी आणून विचारतो.

अर्थात सगळीच माणसं तिरकी बोलू लागली तर प्रेक्षकाला धाप लागते. तेंडुलकरांनी लिहिलेल्या 'सामना'त हिंदुरावाचं अगत्य आणि दरारा एकाच ताटात वाढले जातात, आणि त्यात तो दारुडा मास्तर मारुती कांबळेचं काय झालं, हे सरळ विचारत राहतो. भोवती इतकं झाकलेलं आहे म्हणूनच तो साधा प्रश्न सुरीसारखा लागतो.

आपल्या विनयलाही कुठेतरी सरळ बोलावंच लागेल. पण आईसमोर नको. शाकारणीच्या दिवशी छपरावर महादूला कौलं देता देता तो म्हणून टाकील, "मला हे घर विकायचंय रे." महादूला त्या घराचं ना सुख ना दुःख. तो हातातलं कौल बसवेल आणि विचारेल, "मग उरलेली पन्नास परत न्यायची काय?"