जरा नजर घाला, अप्पा

मे महिना लागला की मोरव्यात अप्पांच्या ओट्यावर चपला वाढतात. कारण सरळ आहे. एका पिढीच्या पोरांना शाळेत घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची, मग गुरुजी बिनदिक्कत १ जून लिहून टाकायचे. सरकारी नियम असा की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. गुरुजींच्या त्या उदारपणामुळे ३१ मेला निवृत्त होणाऱ्यांची रांग लागते आणि प्रत्येकाचं मानपत्र हातात धरून कुणीतरी अप्पांकडे येतं. म्हणतं, “काही नाही, जरा नजर घाला.”

हा ‘जरा’ अप्पांनी आयुष्यभर ऐकलाय. पहाटे भाईंदर स्टेशनात उभ्यानं लोकल पकडून ते मुंबईतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून जायचे. खिळे, गॅली, ओलं प्रूफ, शाईनं काळी झालेली बोटं या सगळ्यातून डोळा असा तयार झाला की आता तो बंदच होत नाही. लग्नाला गेले तर आधी पत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ बघतात, मग नवरा. मुर्ध्यापासून उत्तनपर्यंतच्या रस्त्यावरचे वाढदिवसाचे फलक वाचत बसमधून जाताना त्यांचा चेहरा दात दुखणाऱ्या माणसासारखा झालेला असतो. असा माणूस प्रत्येक गावात, प्रत्येक कचेरीत एक तरी असतो. लोक त्याला घाबरतात, मागे त्याची नक्कल करतात आणि कागद मात्र त्याच्याकडेच आणतात.

२०२५च्या मेमध्ये आलेला कागद पाणीखात्यातल्या एका वॉलमनचा होता. पाइपलाइनच्या चाव्या फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडणारा तो वॉलमन. त्यांचं खरं नाव इथे देत नाही, मुद्द्यापुरतं विष्णू म्हणू. मजकूर लिहिला होता त्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या एका मुलीनं. वर तिच्या साहेबांनी निळ्या पेनानं ‘सुधारणा’ही केल्या होत्या.

अप्पांची पद्धत अशी की पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचंच नाही. चष्मा कपाळावरून नाकावर आला, कागद संपला, मग चहा आला आणि चहानंतर लाल पेन निघालं. मुलीला वाटलं, आता वेलांट्यांची कत्तल होणार. अप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो भलताच.

“सन्मानचिन्ह कोरायला दिलंत का गो बाय?”

“हो अप्पा, कालच.”

“त्याच्यावर नाव काय घातलंत?”

पत्रिकेत ‘विष्णू’ होतं, मानपत्रात ‘विष्णु’, फ्लेक्सवर ‘विष्नू’. कोरलेल्या पितळी पट्टीचं काय ते कुणालाच आठवेना. अप्पांच्या हिशेबानं चुकांची गंभीरता त्या पुसता येतात की नाही यावर ठरते. कागद पुन्हा छापता येतो, फ्लेक्सवर पट्टी चिकटवता येते, पितळेला मात्र खोडरबर नाही. म्हणून कोरायला जाणारं नाव आधी तपासायचं. मुलीनं जागेवरून कोरणाऱ्याला फोन लावला. पट्टी अजून मशीनवर चढलेली नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला.

आता नाव कुठलं धरायचं? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनानं १९६२ साली मान्य केले. तेव्हा ते चौदा होते, १९७२मध्ये त्यांत चार वाढले. त्या नियमांप्रमाणे व्यक्तीचं नाव शेवटी दीर्घ लिहायचं, म्हणजे ‘विष्णू’. अप्पांना हे अठराच्या अठरा नियम तोंडपाठ आहेत आणि कुणी न विचारता ते म्हणूनही दाखवतात. पण इथे त्यांनी नियम बाजूला ठेवला. “त्याची सही आण,” म्हणाले. मुलीनं मोबाइलवर हजेरीपत्रकाचा फोटो दाखवला. इतकी वर्षं तो माणूस ठसठशीत ऱ्हस्व ‘विष्णु’ अशी सही करत आला होता. अप्पांनी चारही ठिकाणी ‘विष्णु’ लिहिलं. लिहिताना त्यांना किती यातना झाल्या ते पेनाच्या दाबावरून कळत होतं. “नाव त्याचं आहे,” ते पुटपुटले, “महामंडळाचं नाही.”

खाली सह्या करणाऱ्यांत डोंगरीचे एक सहकारी होते. डिसोझा, डिसूझा की डिसोजा? अप्पांनी स्वतः फोन लावला.

“अरे, तुझं आडनाव मराठीत कसं लिहितोस?”

“अप्पा, रेशनकार्डावर वेगळं, शाळेच्या दाखल्यावर वेगळं.”

“पगार कुठल्या नावानं होतो?”

“इंग्रजीतनं!”

शेवटी बायको दारावरच्या पाटीवर जे लिहून घेते ते खरं, असं दोघांत ठरलं. त्याच ओघात विष्णुरावांच्या पत्नीच्या नावाआधीचं ‘सौ.’ ठेवायचं की ‘श्रीमती’ करायचं, हेही अप्पांनी त्यांच्या घरी विचारून घेतलं. एका समारंभात हे न विचारल्यामुळे झालेली शांतता त्यांनी अनुभवली आहे.

नावांनंतर आकडे. मजकुरात होतं, ‘महानगरपालिकेत तब्बल ३५ वर्षे सेवा’. अप्पांनी समासात दोन उभ्या रेघा मारल्या. मिरा-भाईंदर महानगरपालिका झाली २८ फेब्रुवारी २००२ला. त्याआधी १९८५पासून नगरपालिका. मग महानगरपालिकेत ३५ वर्षं कशी? शिवाय सेवापुस्तकात रुजू होण्याची तारीख जुलै १९९४ आणि निवृत्ती मे २०२५. ही झाली ३० वर्षं ११ महिने. साहेबांनी हेच पाहून ३५ खोडून ३१ केलं होतं. मुलगी मात्र अडून बसली. विष्णुकाका स्वतः ३५ सांगतात, ती म्हणाली. खोदल्यावर उलगडलं की १९९०पासून पहिली चार वर्षं ते रोजंदारीवर होते. सेवापुस्तक त्या वर्षांना ओळखत नाही, पण रात्री चाव्या फिरवणारा हात तोच होता. अप्पांनी बराच वेळ भिंतीकडे बघितलं आणि लिहिलं: ‘आधी नगरपालिकेत, मग महानगरपालिकेत, कायम नोकरीची जवळजवळ ३१ वर्षे, रोजंदारी धरली तर ३५.’ साहेबांचा हिशेब शाबूत राहिला आणि काकांचाही.

तिसरा फेरा अर्थाचा, आणि इथे अप्पा खरे रंगात येतात. मानपत्र लिहिताना लोक कोरा कागद घेत नाहीत, संगणकात आधीचं काहीतरी उघडून नाव बदलतात. ते आधीचं बहुतेक वेळा शोकसभेचं निघतं. या मजकुरातही ‘त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली कधीही न भरून येणारी पोकळी’ ऐसपैस बसली होती आणि शेवटी ‘पुढील वाटचालीत त्यांना चिरशांती लाभो’ अशी शुभेच्छा होती.

“माणूस पुढच्या रांगेत बसलेला असेल ना ग?”

“हो.”

“हार घातलेला?”

“हो.”

“मग निदान फोटोला घातल्यासारखा तरी वाचू नका.”

पोकळी गेली, चिरशांती गेली. नंतर कुठे वेलांट्यांची पाळी आली आणि ते काम तर दहा मिनिटांत संपलं. ‘दिर्घायुष्य’ दीर्घ झालं, ‘निवृत’ला एक त मिळाला. ‘महत्व’मध्येही एक त वाढला, कारण ‘महत्’ला ‘त्व’ जोडताना पहिला त कुठे पळून जात नाही. ‘व्यक्तिमत्त्व’ही तसंच. मात्र ‘कर्तुत्व’ला जादा त नको होता, तिथे ‘कर्तृ’चा ऋ हरवला होता. ‘उज्वल’ला दुसरा ज मिळाला. मुलीनं विचारलं, इतक्या चुका कशा हो दिसतात तुम्हाला? अप्पा म्हणाले, “मी वाचत नाही ना. वाचायला लागलं की दिसत नाहीत.” हे खरं आहे. नावं तर ते शेवटच्या ओळीकडून वर तपासत जातात. म्हणजे अर्थ डोळ्यांना पुढे ओढून नेत नाही.

एवढं सगळं लाल झाल्यावर मजकुराच्या मधला एक परिच्छेद उरला. मुलीनं मूळ लिहिलं होतं: ‘रात्री दोनला फोन केला तरी काका उचलायचेच, आणि वर मलाच विचारायचे, जेवलीस का?’ साहेबांनी निळ्या पेनानं हे कापून वर लिहिलं होतं: ‘ते अवेळीही दूरध्वनीस तत्परतेने प्रतिसाद देत असत.’ तसंच, गल्लीत चावी सोडून काका ‘पानी आयलं!’ अशी आरोळी ठोकायचे, त्या जागी आलं होतं ‘पाणी आल्याची सूचना नागरिकांना देत असत.’

साहेबांच्या वाक्यांत व्याकरणाचा एकही दोष नव्हता. अप्पांनी ती दोनदा वाचली आणि मुद्रितशोधकाच्या खात्यातली एक खूण केली. कापलेल्या मूळ शब्दांखाली एकेक टिंब देत गेले आणि समासात लिहिलं, ‘राहू द्या’. छापखान्यात या खुणेचा अर्थ, कापलं ते चुकून कापलं, जसं होतं तसं लावा. ‘पानी’तला न काही त्यांनी ण केला नाही. आगरी तोंडात तो नच असतो आणि ण घातला असता तर आरोळी दुसऱ्याच कुणाची झाली असती. फक्त दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिली, म्हणजे टाइप करणारा पोरगा ‘सुधारणार’ नाही.

टाइप करणाऱ्या पोरानं ते नाही सुधारलं. त्यानं वेगळंच केलं. मोबाइलवरचा मजकूर त्यानं छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये ओढला आणि अप्पांना दाखवायला आणलेल्या छापील प्रतीत ‘सर्व सहकाऱ्यांकडून’चं ‘सर्व सहकार्यांकडून’ झालं होतं. हा ‘ऱ्य’ अप्पांचा जुना वैरी. खिळ्यांच्या काळात त्याचा वेगळा खिळा असायचा आणि तो संपला की जुळारी निमूटपणे रफाराचा लावायचा. त्यातूनच एकदा जेवणावळीच्या बातमीत आचाऱ्यांचा सत्कार होता तो आचार्यांचा झाला होता, असं अप्पा सांगतात. आता खिळे गेले, पण फॉन्ट बदलताना नेमका तोच मधल्यामध्ये पडतो. म्हणून अप्पांचा हट्ट असतो: मजकूर मोबाइलवर कितीही तपासा, अखेरचं वाचन ज्या कागदावर छापून येणार त्याच कागदावर. पोरानं चिडून ‘ऱ्य’ नीट केला आणि जाताना विचारलं, “अप्पा, कुणाला कळणार आहे?” अप्पांनी त्याला अठरापैकी चार नियम ऐकवले. रिक्षा चालू झाली म्हणून उरलेले वाचले.

समारंभाला अप्पा गेले ते पाहुणे म्हणून नाही, पडताळणीसाठी. तिसऱ्या रांगेत मानपत्राची झेरॉक्स मांडीवर घेऊन बसले. माइकवर साहेब स्वतः वाचायला उभे राहिले. नाव बरोबर, ३१ बरोबर, ३५ बरोबर, डोंगरीच्या सहकाऱ्याचं आडनाव दाराच्या पाटीबरहुकूम. ‘जेवलीस का’वर विष्णुकाका चक्क लाजले. मग साहेब त्या आरोळीपाशी आले, अडखळले, आणि सभेचं भान राखून म्हणाले, “पाणी आले.”

मागच्या खुर्च्यांवरून मोरव्याच्या बाया एका सुरात ओरडल्या, “पानी आयलं!” सभागृह हसलं, साहेबही हसले आणि त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी छापल्याप्रमाणे. विष्णुकाकांनी सवयीनं उठून हात वर केला.

अप्पांनी शेजारच्याच्या कोपराला ढोसलं आणि झेरॉक्सवर बोट ठेवत विचारलं, “अवतरणचिन्हं दिली होती की नव्हती मी?”