कबीर खान म्हणजे नेगी?

हिंगोलीत ‘चक दे! इंडिया’तला प्रशिक्षक कोण असं विचारलं, तर कबीर खान हे नाव चुटकीसरशी येईल. ‘तो खरा कोण?’ या पुढच्या प्रश्नाला तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर मिळेल: मीररंजन नेगी. इथेच गुण कापावे लागतात. 1982च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतल्या हॉकीच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून 7–1 हरला, तेव्हा नेगी गोलरक्षक होते. पडद्यावरचा कबीर मात्र आघाडीचा खेळाडू, आणि त्याचा गुन्हा एक हुकलेला पेनल्टी स्ट्रोक. सात गोल खाणाऱ्याला नायक करणं पटकथेला परवडत नसावं. पुढे 2002च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय मुलींनी इंग्लंडला 3–2 असं हरवून सुवर्ण जिंकलं. तेव्हा मुख्य प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक होते. नेगी गोलरक्षकांना घडवत होते. चित्रपटाने मात्र त्या सुवर्णाच्या जागी विश्वचषक दिला, जो भारतीय महिलांनी अजून जिंकलेला नाही.

कुणी म्हणेल, नाटक आहे, इतिहासाचं पुस्तक नव्हे. मान्य. दोन प्रशिक्षकांचा एक करायला पटकथालेखक मोकळाच असतो. पण ती सूट त्याची आहे, उत्तर देणाऱ्याची नाही. ‘कबीरच्या संघाने अंतिम सामन्यात कुणाला हरवलं?’ याचं उत्तर ऑस्ट्रेलिया, आणि ‘भारताने?’ याचं इंग्लंड. त्या खऱ्या संघाची कर्णधार सूरजलता देवी होती, आणि निर्णायक गोल ममता खरबचा होता.