पाचशे अकरा किलो खिळे

मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात दोन गोष्टींना हात लावायची कुणाला मुभा नव्हती: गल्ला आणि साठ्याची वही. गल्ला मामांचा, वही दिवाणजींची. अशा वहीला २०२५च्या ३१ मार्चच्या रात्री मी हात लावला, आणि तोही लॅपटॉप मांडीवर घेऊन. सीएंनी मामांना निर्वाणीचं सांगितलं होतं, की पुढच्या वर्षापासून साठा एक्सेलमध्ये हवा. मामांना एक्सेल येत नव्हतं, पण भाचा होता.

काम मला फारच किरकोळ वाटलं. वहीत प्रत्येक मालाला एक खातं. आवक, जावक, शिल्लक. शेवटच्या ओळीतली शिल्लक उचलायची आणि नव्या तक्त्यात ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून ठेवायची. मी म्हटलं, “मामा, दोन तासांत उरकतो.” दिवाणजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि चहा सांगितला. तीन कप सांगितला, तोही थर्मासात. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दिवाणजींच्या अटी दोन. एक, मालाच्या नावाआधी वहीचा पान नंबर लिहायचा. दोन, नोंद चढली की ते वहीत लाल पेन्सिलीने खूण करणार. “टिक म्हणजे आमच्या भाषेत टिकली,” ते म्हणाले. “बिनटिकलीची एकही राहता कामा नये.” तिसरी अट माझी होती, कॉलेजात शिकलेली: दर दहा पानांच्या शिल्लकांची बेरीज मामांनी वहीतून कॅल्क्युलेटरवर करायची, मी तक्त्यातून करायची, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही.

“पण यात किलो आहेत, नग आहेत, फूट आहेत,” मामा म्हणाले. “खिळ्यांत बिजागऱ्या मिळवून येणाऱ्या बेरजेला अर्थ काय?”

“अर्थ काही नाही. फक्त जुळायला हवी.”

“पत्रिकेसारखं,” दिवाणजी म्हणाले आणि कामाला लागले.

पहिल्याच दहा पानांत माझी बेरीज मामांपेक्षा ५०५.५ ने जास्त आली. मामांनी कॅल्क्युलेटर पुसला, पुन्हा बेरीज केली, तेवढीच. आता तीसेक नोंदी पुन्हा तपासायच्या या विचाराने मी थर्मासाकडे वळलो. दिवाणजी मात्र फरकाकडेच बघत होते. “हा अर्धा कुठनं आला? बिजागरी अर्धी विकत नाही कोणी. म्हणजे वजनाचा माल बघा. या दहा पानांत वजनाचे फक्त खिळे आणि बाइंडिंग तार.”

दीड इंची खिळ्यांच्या खात्यावर दिवाणजींच्या अक्षरात शिल्लक होती ‘५॥’. पाच आणि पुढे दोन दंड. ज्यांचं शिक्षण जुन्या हिशेबात झालं, त्यांना एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे शिल्लक साडेपाच किलो. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. मी ५११ किलो खिळे चढवले होते. तेवढ्या खिळ्यांत आख्खं गाव ठोकता आलं असतं. ५११ मधून साडेपाच वजा करा, बरोबर ५०५.५. त्यानंतर मी लिहायचं आणि मामांनी वाचून सांगायचं असं ठरलं, म्हणजे दंड-बिंड माझ्या डोळ्यांपर्यंत यायलाच नकोत.

डोळे वाचले, कान फसले. पुढच्या गठ्ठ्यात फरक आला २७. “नऊने भाग जातो,” दिवाणजी न बघताच म्हणाले. “आकडे उलटे पडलेत.” दोन शेजारचे अंक अदलाबदल झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. भाग गेला म्हणजे तीच चूक असं छातीठोक म्हणता येत नाही, पण शोध तिथून सुरू करायला हरकत नाही. मामा ‘त्रेसष्ट’ म्हणाले होते. मराठीत तीन आधी ऐकू येतो, साठ मागाहून; तोवर बोटाने ३ दाबलेला असतो. कडीकोयंड्याचे ६३ नग माझ्याकडे ३६ झाले होते. वहीत एकमेकांकडे तोंड करून बसलेले सहा आणि तीन माझ्या तक्त्यात पाठ फिरवून बसले. मामांचा आणि माझा छत्तीसचा आकडा तिथून सुरू झाला. त्यानंतर ते ‘सहा तीन’ असे सुटे आकडे सांगू लागले, तेही एकेका शब्दावर जोर देऊन, बहिऱ्याला सांगावं तसे.

मधेच ते माझ्या खांद्यावरून वाकले. “एक फेब्रुवारीचा नळ कुठला रे?”

अर्धा इंची नळ होता तो. मापाच्या रकान्यात मी 1/2 टाइप केलं, एक्सेलने त्याची तारीख केली, 01-Feb. पाऊण इंची नळ तीन एप्रिलला गेला होता. मी हुशारीने अर्धा इंचीच्या सेलचा प्रकार बदलून `Text` केला, तर तिथे 45689 आलं. एक्सेल १९०० सालापासून दिवस मोजतं, त्या हिशेबात २०२५ची १ फेब्रुवारी म्हणजे हा आकडा. रकाना आधी `Text` करायचा आणि मग टाइप करायचं. एकदा तारीख झालेलं माप परत येत नाही, ते पुन्हा लिहावंच लागतं. बेरजेत हे सापडलं नसतं, कारण माप कुणी मिळवत नाही. दिवाणजी एवढंच म्हणाले, “आमची वही असं मनानं काही लिहीत नाही.”

पहाटे साडेतीनला सगळे गठ्ठे जुळले. मी लॅपटॉप मिटणार तेवढ्यात दिवाणजींनी वहीची अनुक्रमणिका उघडली. खाती ३१२. शिल्लकेच्या रकान्यातल्या नोंदी मोजायला मी शेवटी हे लिहिलं:

```
=COUNT(F2:F400)
```

उत्तर आलं ३११. सगळ्या बेरजा जुळलेल्या आणि एक माल गायब! मामा वहीत जे वाचत नव्हते ते त्यांच्याही बेरजेत नव्हतं, माझ्याही. म्हणून जुळलं होतं. दिवाणजी पानं उलटत बिनटिकलीची नोंद शोधू लागले. पान ३४ भरल्यामुळे त्यावर ‘पुढे पान १८८’ लिहिलं होतं, म्हणून आम्ही ते सोडलं होतं. १८८ होतं पार मागे, कोऱ्या पानांच्या पोटात, आणि तिथवर आम्ही गेलोच नव्हतो. ‘कंदिलाच्या काचा. मागील पान ३४ वरून.’ शिल्लक सात.

मामा शिडी लावून माळ्यावर चढले. कंदिलाच्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या निघाल्या. सहा आख्ख्या, आणि सातव्या पुडक्यात नुसता खळखळाट.

“सहा लिही,” मामा वरून म्हणाले.

“सात,” दिवाणजी म्हणाले.

“अहो दिवाणजी, ती फुटून वीस वर्षं झाली असतील!”

“वहीत फुटलेली नाही ना? मग आरंभीची शिल्लक सात. तिथे सहा लिहिलंत तर जुनी वही सात म्हणणार, नवी सहा, आणि एक कुठे गेली ते कुणालाच सांगता येणार नाही. खाली दुसरी ओळ घाला. एक एप्रिल, जावक एक, शेरा: मोजणीत फुटलेली आढळली.”

मी तशी ओळ घातली. पान १८८ ला लाल टिकली लागली. दिवाणजींनी काचेचे तुकडे पुन्हा पुडक्यात बांधले, वर पेन्सिलीने पान नंबर लिहिला आणि मामांच्या हातात दिले.

“पुरावा आहे,” ते म्हणाले. “माळ्यावरच राहू दे.”