समेआधीची दाद

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला भारतीय बैठकीचं तिकीट काढून तुम्ही पहिल्यांदा गेलात, तर काकांना शोधावं लागत नाही. तेच तुम्हाला शोधून काढतात. डिसेंबरची थंडी म्हणून कानाला मफलर, अंगावर शाल, काखेत सतरंजी, हातात थर्मास. तुम्ही चपला कुठे ठेवायच्या म्हणून घुटमळलात की त्यांनी ओळखलंच. "पहिल्यांदाच आलायस वाटतं? ये, इथे बस माझ्याजवळ."

इथे म्हणजे मंचाकडे तोंड केल्यावर डाव्या अंगाला. गवयाच्या उजव्या हाताला तबलजी बसतो, म्हणजे आपल्या डावीकडे, आणि तबल्यावरची बोटं इथून दिसतात. काकांचं हे म्हणणं खरं आहे. "मध्येच उठायचं असेल तर कडेला बस. पाय मंचाकडे पसरू नकोस. आणि राग चालू असताना ये-जा करायची नाही, एक राग संपला की मग." हे सगळं खरं. फक्त सांगताना त्यांचे स्वतःचे पाय पुढच्या बाईंच्या पाठीला लागलेले असतात.

तबलजी हातोडीने तबला सुरात लावू लागतो, तंबोरे जुळतात. इथे टाळी वाजवायची नाही. १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या मैफलीत रविशंकरांची वाद्यं लावून होताच टाळ्या पडल्या, आणि जुळवणीच एवढी आवडली तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असं ते म्हणाले होते. हा किस्सा काका इतका रंगवून सांगतात की इकडे षड्ज लागून गेल्याचं त्यांना कळतच नाही. मागून कुणीतरी "शूऽ" करतं. काका मागे वळून पुढच्याला कळेल अशा आवाजात विचारतात, "कोण बोलतंय हो?"

मग विलंबित एकताल. बारा मात्रांचं आवर्तन, पण ठेका इतका संथ की समेवरून निघून पुन्हा समेवर यायला मिनिटभरही लागू शकतो. गवई आलाप करत दूर जातो, आणि मुखडा घेऊन समेवर उतरतो तेव्हा मांडवभर माना एकदम हलतात. नवख्याला वाटतं, आता टाळी. नाही. इथे मान हलवावी, फार तर तोंडातल्या तोंडात 'वा' म्हणावं. एखादी तान अंगावर आली आणि सगळ्यांनीच टाळी दिली तर आपलीही मिसळावी, पण पहिली टाळी आपली नसावी. काकांचा 'वा' मात्र समेच्या अर्धी मात्रा आधी येतो. सम येणार हे त्यांना ठाऊक होतं, हे इतरांनाही ठाऊक व्हायला नको का?

मांडीवर ताल धरायचं शिक्षण ते द्रुत तीनतालाला देतात. सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. मोजता मोजता चुकलात तर डग्ग्याकडे कान द्या. तबल्याचा भरदार आवाज जरा पोकळ झाला, घुमणं थांबलं, की खाली आली समजायचं. तिथून आठ मात्रांनी सम. आपलं मोजणं मांडीला हाताचा स्पर्श होईल एवढंच असावं. काका तुमच्या मांडीवर मोजतात, आणि तेही बरेचदा उलटं. तुम्ही समेवर, ते खालीवर.

खरी परीक्षा तिहाईची. एकच बोल सारखा तीनदा येतो आणि तिसऱ्यांदाचा शेवटचा 'धा' बरोबर समेवर पडतो. दुसऱ्या खेपेचा 'धा'ही तितकाच ठसठशीत, शिवाय त्याच्यामागे क्षणभर जागा सोडलेली. अर्धा मांडव तिथेच फसतो. तीन मोजा आणि थांबा, एवढंच. एका संध्याकाळी काकांच्या शेजारी बसलेला एक नवखा पोरगा तीन मोजून थांबला. काकांची टाळी दुसऱ्या 'धा'ला वाजली, एकटीच, खणखणीत. तबलजीने मान वर करून हसून पाहिलं. ते हसू काकांनी शाबासकी म्हणून घेतलं आणि पोराला कोपर मारून म्हणाले, "बघितलंस? ओळखतो तो मला."

बंदिश संपली, गवयाने हात जोडले. आता मात्र मनसोक्त टाळ्या, नवख्यांनीही. याच वेळी उठावं, चहा घ्यावा, वडा खावा. आणि नवा राग सुरू व्हायच्या आत परतावं, नाहीतर पुढचा राग कडेला उभं राहून ऐकावा. काका वडा घेऊन थेट जागेवर येतात. वड्याचा कागद आलापात किती मोठ्याने वाजतो, ते त्या दिवशी पोराला कळलं. "राग कुठला?" असं त्याने एकदाच, तेही दोन रागांच्या मधल्या वेळात विचारलं. काकांनी डोळे मिटून तीन रागांची नावं घेतली. निवेदकाने चौथंच सांगितलं.

शेवटी भैरवी. ती लागली की मैफल संपत आली, हे काकांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. सूर ओळखताच त्यांनी सतरंजी गुंडाळली, पोराला "ऊठ, मागाहून रिक्षा मिळत नाही" म्हणाले, आणि पाच-सहा जणांच्या मांड्यांवरून पाय टाकत निघाले. पोरगा उठला नाही. काकांचा थर्मास तिथेच राहिला, म्हणून ते त्याच वाटेने परत आले.