मेंढीविना लोकर

पुण्याच्या थंडीबद्दल पुणेकराने किती बोलावं याला काही मर्यादा नाही. १९३५ च्या जानेवारीत इथे पारा १.७ अंशांवर उतरला होता, आणि त्या थंडीचं वर्णन तेव्हा जन्मलेही नव्हते तेच जास्त बारकाईने करतात. एरवी डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी शर्टाचं वरचं बटण उघडावं असं ऊन. अशा गावात पहिलाच स्वेटर विणायचा तर तो बिनबाह्यांचा असावा, असं माझ्या मावशीचं मत पडलं. वर तिने हवामानाचं कारण दिलं. खरं कारण असं की बाह्या दोन असतात, आणि दुसरीपर्यंत माणसाचा उत्साह टिकत नाही.

तुळशीबागेजवळच्या दुकानात मी लोकर मागितली तेव्हा दुकानदार म्हणाले, "वहिनींनी कुठला रंग सांगितलाय?" विणणारा मीच आहे म्हटल्यावर, पेशंटला सोडून नातेवाइकाकडे बघणाऱ्या डॉक्टरसारखे ते मावशीकडे बघू लागले. "हो, तोच," मावशी म्हणाली. "तुम्ही गुंडे काढा."

काउंटरवर वर्धमान आला, ओसवाल आला, गंगा आली. तिन्ही लुधियानाकडची घराणी. माझा समज असा की ब्रँड ठरला की प्रश्न मिटला. मावशीने नावाकडे पाहिलंच नाही. गुंड्यावरची कागदी पट्टी फिरवून तिने बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: १०० टक्के अॅक्रिलिक. म्हणजे ज्याला आपण बिनधास्त लोकर म्हणतो, त्याचा मेंढीशी काडीचा संबंध नाही. ते खनिज तेलापासून कारखान्यात होतं. शेजारच्या बाई 'कॅशमिलॉन' मागत होत्या. त्या नावात काश्मीरची थंडी ऐकू येते खरी, पण ते मुळात एका जपानी कंपनीच्या अॅक्रिलिकचं नाव, आपल्याकडे सगळ्याच अॅक्रिलिकला चिकटलेलं. घराणं तेच असलं तरी एका गुंड्यात निव्वळ अॅक्रिलिक आणि शेजारच्यात लोकरीचं मिश्रण असू शकतं. म्हणून ब्रँडची तुलना करायच्या आधी पट्टी वाचायची.

"खरी लोकर दाखवा," मी बाणेदारपणे म्हणालो. मेरिनो आली, किंमत ऐकली, बाणेदारपणा गेला. मग मी स्वदेशीवर घसरलो. गोखलेनगरला मेंढी विकास महामंडळ आहे, आपली दख्खनी मेंढी आहे, तिची लोकर का नको? मावशी म्हणाली, "घोंगडी घालून ऑफिसला जाणार आहेस का?" तिचं खरं होतं. तंतूची जाडी साधारण ३० मायक्रॉनच्या पुढे गेली की तो कातडीला टोचतो. मेरिनो विशीच्या आसपास असते, दख्खनी बरीच जाडीभरडी. म्हणूनच ती घोंगडीत पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि गळ्याशी पाच मिनिटं टिकत नाही.

खरी-खोटी ओळखायची रीत मावशीने घरी दाखवली. स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धाग्याचा तुकडा धरून काडी लावायची. लोकर कुरकुरत जळते, काडी दूर नेली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. अॅक्रिलिक वितळत पेटतं आणि मागे काळा टणक मणी उरतो. मिश्रणात दोन्ही थोडं थोडं, म्हणजे किती टक्के ते काडीला कळत नाही. आमच्या तुकड्याचा मणी झाला आणि घरभर असा वास सुटला की बायकोने "तुमचा स्वेटर झाला का?" असं विचारलं.

तरी पहिल्या स्वेटरला अॅक्रिलिकच बरं, हा मावशीचा निकाल मला पटला. खरी लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा दमटपणा पिऊनही कोरडी लागते, हे अॅक्रिलिकला जमत नाही; पण पुण्यात तेवढा घाम गाळणारी थंडी कुठे आहे? अॅक्रिलिकला कसर लागत नाही, ते मशीनमध्ये धुता येतं, आणि उसवून पुन्हा विणलं तरी रुसत नाही. एकच पथ्य: गरम इस्त्री लावायची नाही. एकदा वाफ लागली की त्याचा जीव जातो आणि स्वेटर कायमचा लोंबतो.

आता प्लाय. मी हिशेब मांडला होता: चार प्लाय म्हणजे तीनपेक्षा जाड. दुकानदारांनी एका धाग्याचं टोक चिमटीत धरून उलटा पीळ दिला. चार बारीक पदर सुटे झाले. दुसऱ्याचे तीनच निघाले, पण त्यातला एकेक पदर जाडजूड, आणि अख्खा धागा पहिल्याच्या दीडपट. प्लाय म्हणजे नुसती पदरांची संख्या. पदर केवढा ते ती सांगत नाही. फार बारीक धागा घेतला तर स्वेटर पुढच्या हिवाळ्यात जातो, आणि गडद रंग घेतला तर चुकलेला टाका दिसत नाही. मध्यम जाडीचा, घट्ट पिळाचा, फिकट धागा नवशिक्याला बरा.

सुयांचा कारभार तर सरळसरळ उलटा. आपल्या जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर ४ मिलिमीटरची, १० नंबर ३.२५ची. अमेरिकन नमुन्यात ८ म्हणजे ५ मिलिमीटर. तेव्हा नंबर विसरायचा, मिलिमीटर विचारायचे. आमच्या पुढ्यात आल्या त्या पोनीच्या सुया, नीलगिरीतल्या केट्टी गावच्या. त्यांच्या कंपनीच्या भागधारकांचं भांडण १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघालं आणि कंपनी कायदा शिकणारी पोरं अजून तो निकाल वाचतात, ही माहिती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भाचीने पुरवली. विणता तिला येत नाही. मावशीने अॅल्युमिनियमच्या बाजूला सारून बांबूच्या घेतल्या, कारण अॅक्रिलिक आधीच निसरडं. त्यात सुईही गुळगुळीत असली की टाके एकगठ्ठा खाली उतरतात.

मग नमुना. ३० टाके घालून १५ सेंटिमीटर उंचीचा तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा, आणि कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजायचे. माझी छाती ९६, सैलपणाचे ८, म्हणजे १०४; पुढचा भाग ५२ सेंटिमीटर. पुस्तकात दहा सेंटिमीटरला २२ टाके, म्हणून ११४ टाके घालायचे. माझ्या हातून ८ नंबरवर २५ भरले. नवशिका भीतीने धागा ओढतो, हे मावशीला आधीच ठाऊक होतं. २५ च्या मापाने ११४ टाक्यांचा भाग साडेपंचेचाळीस सेंटिमीटर होतो, दोन्ही मिळून ९१. म्हणजे स्वेटर माझ्याच छातीला पाच सेंटिमीटर कमी. "हात सैल कर" हा उपदेश व्यर्थ असतो, सुई बदलायची. ७ नंबरवर, म्हणजे साडेचार मिलिमीटरवर, मोजून २२ आले.

उरला रंग. मला निळा हवा होता. पन्नास ग्रॅमचे सहा गुंडे आणि वर एक राखीव, असे सात लागणार होते. पट्टीवर लॉटचा नंबर असतो. रंगाच्या एका घाण्यातला धागा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. निळ्याचे एका लॉटचे पाचच निघाले. "उरलेले दोन दुसऱ्या लॉटचे घ्या, साहेब, काही कळत नाही," दुकानदार म्हणाले. मावशी दोन्ही गुंडे घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात गेली, आणि एक निळा दुसऱ्यापेक्षा चांगलाच मळका दिसला. एका लॉटचे पुरते सात होते ते शेवाळी रंगात. तेव्हा माझा स्वेटर शेवाळी होणार आहे, आणि कुणी विचारलंच तर हा रंग मी खूप विचार करून निवडला आहे.