उन्हाळा खाल्लेला तांदूळ

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या पट्ट्यात आणि वैनगंगा ओलांडून वडसा-आरमोरीकडे जवळजवळ प्रत्येक गोतात एक मामाजी असतात. ते कुणाचे सख्खे मामा असतातच असं नाही. लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी भटजीकडे जातो आणि मग मामाजींकडे. भटजी मुहूर्त काढतात, मामाजी तांदूळ काढतात. त्यातल्या त्यात मुहूर्तावर तडजोड होऊ शकते.

आमच्या गोतातले मामाजी निवृत्त गुरुजी आहेत. शाळेतून त्यांनी आणलेली वस्तू एकच, पंधरा सेंटिमीटरची लाकडी पट्टी. ती सदऱ्याच्या आतल्या खिशात असते. तांदळाच्या दुकानात शिरले की ते आधी पोत्यात हात कोपरापर्यंत घालतात, कारण वरचा तांदूळ दुकानदाराचा आणि तळाचा गिऱ्हाइकाचा असतो असं त्यांचं मत. मूठ बाहेर काढून ती उन्हात धरतात. मग पुढच्या दातांनी एक दाणा फोडतात आणि त्या आवाजासाठी कान देतात. नवा दाणा दाताखाली जरा चेपतो, जुना कट्‌ करून तुटतो. "हे पाय, हा बोलत नाही," असं मामाजी म्हणाले की दुकानदार निमूटपणे दुसरं पोतं उघडतो. काही दुकानदार त्यांना येताना पाहूनच जेवायला घरी जातात.

रंगाचंही त्यांचं शास्त्र आहे. पांढराशुभ्र, चकाकणारा तांदूळ दिसला की सामान्य माणूस खूश होतो, मामाजी संशय घेतात. वर्षभर मुरलेल्या तांदळाला किंचित दुधट पिवळी छटा येते. चकाकी तर गिरणीतल्या पॉलिशनेही येते, तिचा वयाशी संबंध नाही. अर्थात दात आणि डोळे ही त्यांची प्राथमिक परीक्षा. वार्षिक परीक्षा पातेल्यात होते. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात उकळायचा. पाणी गढूळ, चिकट, दाट झालं तर तांदूळ नवा. पाणी पातळ राहिलं आणि दाणा सुटा राहून फुगला तर जुना. पोत्यावर 'दोन वर्षे जुना' असं छापलेलं त्यांना दाखवाल तर ते विचारतात, "शाई किती वर्षांची हाय?"

तांदूळ मुरतो म्हणजे काय होतं, हे ते गुरुजींच्या थाटात सांगतात, आणि सांगतात ते बरोबर असतं. नव्या दाण्यातला स्टार्च शिजताना सहज बाहेर पडतो आणि दाणे एकमेकांना धरून बसतात. साठवणीत दाण्यातली प्रथिनं एकमेकांशी घट्ट बांधली जातात, थोडी चरबी मोकळी होऊन स्टार्चला चिकटते, पेशींच्या भिंती चिवट होतात. मग तोच दाणा पाणी जास्त पितो, जास्त वाढतो, पण फुटत नाही. उष्णता जितकी जास्त तितकं हे सारं लवकर घडतं. इथे मामाजींचा आवाज चढतो. "पुण्या-मुंबईच्या तांदळाले दोन वर्षं लागतील. आपल्याकडे एक उन्हाळा पुरे!" पारा 45 च्या वर गेला की सारं चंद्रपूर हाय हाय करतं, मामाजी मात्र ढोलीवर हात ठेवून समाधानाने म्हणतात, "मुरून राह्यला." ढोली म्हणजे बांबूची शेणाने लिंपलेली कणगी. तिच्यात ते धानच ठेवतात, तांदूळ नव्हे. फोलाच्या आत दाणा सुरक्षित राहतो, आणि लागेल तसं धान गिरणीत नेता येतं.

ढोलीत असतो तो एचएमटी. इथे प्रत्येक मामाजी दोन मिनिटं उभे राहतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी. 1983 मध्ये 'पटेल 3' या वाणाच्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचं बी वेगळं ठेवून, वर्षानुवर्षं निवडून त्यांनी हा वाण तयार केला, आणि त्या काळी मिरवल्या जाणाऱ्या घड्याळाचं नाव व्यापाऱ्याने त्याला दिलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 1998 मध्ये 'पीकेव्ही-एचएमटी' बाजारात आणलं, तेव्हा श्रेय कुणाचं यावरून बरंच वाजलं. त्या वादात मामाजींनी एकट्याने निकाल देऊन टाकला आहे. 2018 साली दादाजी गेले तेव्हा मामाजींनी घरी गोड केलं नाही, आणि आजही दुकानदार कुठल्याही बारीक तांदळाला एचएमटी म्हणून विकतो याचा त्यांना वैयक्तिक अपमान वाटतो.

या निष्ठेमुळेच गेल्या वर्षी घोळ झाला. मूलला भाचीचं लग्न. पंगतीत वरणभात आणि मटर पुलाव, हे ठरलेलं. पण नवरदेव राजुऱ्याकडचा. तो भाग एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथल्या मंडळींना त्याची आठवण फक्त बिर्याणीपुरती राहिली आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बिर्याणी हवीच, असा निरोप आला. आचारी बल्लारपूरचा. त्याने यादीत बासमती लिहिला आणि मामाजींनी तो शब्द खोडला.

"हिमालयाच्या पायथ्याचा पाहुणा आपल्या मांडवात कशाले? आपला दोन उन्हाळ्यांचा एचएमटी हाय ना ढोलीत!"

आचारी वाद घालणारा नव्हता. त्याने लग्नाच्या चार दिवस आधी मामाजींच्याच अंगणात दोन लहान पातेली चढवली. दोन्ही तांदूळ अर्धा तास भिजवलेले, दोन्हींना सहापट पाणी, मीठ, खडा मसाला. मामाजींनी पट्टी काढली. कच्चे दहा दाणे एकापुढे एक लावले तर बासमतीचे साडेसात सेंटिमीटर भरले, एचएमटीचे पाचच्या आसपास. मामाजी म्हणाले, लांबीवर माणूस मोजत नाहीत.

पाणी खळखळल्यावर तिसऱ्या मिनिटाला आचाऱ्याने एचएमटीचा दाणा चिमटीत दाबला. तो पार मऊ. बासमतीचा दाणा सहाव्या मिनिटाला दाबला तेव्हा त्याचे तीन तुकडे झाले आणि मधल्या तुकड्यात पांढरी कणी दिसली. बिर्याणीचा तांदूळ नेमका याच क्षणी उपसायचा असतो, कारण उरलेलं शिजणं मटणाच्या वाफेवर व्हायचं आहे. एचएमटीत तो क्षण येतो, पण थांबत नाही. बारीक दाण्यात उष्णता आत पोचायला वेळच लागत नाही. घरच्या पातेल्यात एखादी चपळ बाई तो पकडेल. वीस किलोच्या डेगीतून झाऱ्याने उपसता उपसता तो निसटतो.

मामाजी तरी हटले नाहीत. दोन्हींचे थर लावा म्हणाले. कणकेने झाकण बंद करून वीस मिनिटं दम दिला. उघडल्यावर वरून दोन्ही सारखेच दिसत होते, त्यामुळे मामाजींची छाती क्षणभर फुगली. आचाऱ्याने कडेने उलथणं थेट तळाला घातलं. बासमतीचे दाणे सुटे होऊन ओघळले. एचएमटीच्या तळाशी मसाल्याचं पाणी पिऊन, वरच्या थराचं वजन सोसून जे काही तयार झालं होतं, ते चवीला उत्तम होतं आणि त्याला खिचडी म्हणतात. शिजलेले दहा बासमती पट्टीवर चौदा सेंटिमीटर भरले. एचएमटीचे साडेसात-आठ. मामाजींनी पट्टी उलटी धरून पुन्हा मोजलं.

पण माणूस गुरुजी. हरले की लगेच पुढचा धडा सुरू करतात. "ठीक हाय. आता याच बासमतीवर वरण घाला." घातलं. लांब, सुटे, कोरडे दाणे. वरण त्यांच्यातून सरळ खाली गेलं आणि ताटाच्या कडेला जाऊन थांबलं. घास बोटांत जमेना. हाताने खायच्या भाताला दाणे एकमेकांना जरा धरून असावे लागतात, नाहीतर वरण एकीकडे आणि भात एकीकडे अशी सोयरीक होते. त्याच वरणाखाली मामाजींचा जुना एचएमटी आला तेव्हा आचाऱ्यानेही दुसऱ्यांदा मागून घेतला. विदर्भातल्या गोळाभातालाही हाच हवा. बेसनाचे गोळे वाफवायचे, वरून लसणाची कढत फोडणी ओतायची, तर भात मोकळाही हवा आणि तेल पिणाराही.

पुलावाचं भांडण आणखी एक संध्याकाळ चाललं. पुलावात पाणी मोजून घालायचं असतं, उपसायची सोय नाही. बासमती भिजवून घेतला तर वाटीला दीड वाटी पाणी; जुना एचएमटी न भिजवता घेतला तर दोन वाट्या. हाच एचएमटी दिवाळीनंतर नुकताच निघालेला असता तर दोन वाट्यांत त्याचा लगदा झाला असता. पुलावाच्या फजितीत आचाऱ्याला दोष देतात, पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा नवा तांदूळ असतो. शेवटी पंगतीच्या मटर पुलावाला एचएमटी घेतला. आधी तुपात दोन मिनिटं परतला म्हणजे दाणा सुटा राहतो. बासमती घेऊन खर्च वाढवावा असं त्यात काही नव्हतं, हे आचाऱ्यानेही कबूल केलं.

उरला चिन्नोर. आखूड, नाजूक, सुवासिक. भंडाऱ्याकडचा त्याचा बोलबाला मोठा. लग्नातल्या खिरीसाठी मामाजींनी तो आणला, आणि त्यांच्याच नियमाविरुद्ध, त्याच हंगामाचा. भाचीच्या सासऱ्यांनी सावधपणे विचारलं, "मामाजी, हा तर नवा दिसते?"

"नवाच पाहिजे. खिरीले दाणा फुटून दूध दाट झालं पाहिजे. आणि वास? वास मुरत नाही, उडते."

हे मात्र लोकांना पटायला जड जातं. जितका जुना तितका चांगला, असं मामाजींनीच सगळ्यांना शिकवलेलं. पण साठवणीत सुगंध कमी कमी होत जातो, बासमतीचाही. जुन्या बासमतीत लांबी मिळते, थोडा दरवळ द्यावा लागतो. आणि फारच जुना झाला तर चरबी खवट होऊन भाताला कोंदट वास येतो, दाणे ठिसूळ होऊन कनकी वाढते. आजारी माणसाच्या पेजेला, लहान मुलाच्या गुरगुट्या भाताला जुना तांदूळ घालणाऱ्या सुनेला मामाजींनी भर पंगतीत झापलेलं आहे. तिथे नवा आखूड तांदूळ स्वतःहून विरघळतो, त्याला घोटायला कशाला लावता?

लग्न पार पडलं. बिर्याणी बासमतीची झाली, वाखाणली गेली, मामाजींनी ती खाल्ली नाही. "मी फक्त मोजली," म्हणाले. अर्धं पोतं बासमती उरलं, ते दुकानदाराला परत करायचं होतं. मामाजींनी ते स्वतःच्या घरी नेलं, डब्यात भरून वर कडुलिंबाचा पाला ठेवला.

यंदा दिवाळीनंतर चुलतभाऊ मुलाच्या लग्नाचं विचारायला आले. भटजींनी फेब्रुवारीतला उत्तम मुहूर्त काढला होता. मामाजींनी पत्रिका बाजूला ठेवली आणि डब्यातला एक दाणा फोडून ऐकला.

"फेब्रुवारी नाही. जूनचा पाहा."

"मामाजी, जूनमध्ये रोवणीची तयारी, पाऊस, माणसं कुठून येतील?"

"एक उन्हाळा कमी पडून राह्यला," मामाजी म्हणाले, आणि भटजींचा फोन नंबर मागितला.